स्पर्धा-गुणांक आणि सहअस्तित्वाच्या अटी: निबंध लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एमएस्सीला परिस्थितिकी घेतलेली मुलं दरवर्षी परीक्षेच्या आधी साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. लोटका-व्होल्टेरा समीकरणं बहुतेकांना पाठ असतात. अडतं ते आलेल्या आकड्यांतून अर्थ काढताना. त्यामुळे इथे सिद्धान्ताचा इतिहास थोडक्यात ठेवून स्पर्धा-गुणांक α वाचायचा कसा यावरच भर दिला आहे.

प्रश्न: α12 म्हणजे नेमकं काय?

आधी समीकरणं समोर ठेवू. N म्हणजे जातीची संख्या, r म्हणजे तिच्या वाढीचा कमाल वेग, आणि K म्हणजे ती एकटी असताना परिसर तिचे जास्तीत जास्त किती जीव पेलतो तो आकडा.

```
dN1/dt = r1 N1 (K1 - N1 - α12 N2) / K1
dN2/dt = r2 N2 (K2 - N2 - α21 N1) / K2
```

पहिल्या कंसात K1 मधून N1 वजा होतो, तसाच N2 सुद्धा वजा होतो, पण α12 ने गुणून. जाती २ चा एक जीव जाती १ च्या वाढीला जितका आवर घालतो, तितका आवर घालायला जाती १ चे स्वतःचे किती जीव लागले असते, हे α12 सांगतो. म्हणजे हा दोन चलनांमधला विनिमय दर आहे. α12 = ०.५ असेल तर जाती २ चे दोन जीव जाती १ ला तिच्या एका भाईबंदाएवढे जड जातात.

या व्याख्येतली तुलना निबंधात सुटता कामा नये. α12 ही जाती २ ची 'ताकद' नाही. जाती १ च्या आपसातल्या स्पर्धेच्या मापाने मोजलेली ती परकी स्पर्धा आहे. जाती १ चे जीव एकमेकांनाच फार छळत असतील, तर परक्यांचा त्रास तेवढाच राहूनही α12 लहान दिसेल.

प्रश्न: १२ आणि २१ यांत कोण कोणावर परिणाम करतं? नोट्समध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

पहिला आकडा सोसणाऱ्याचा, दुसरा करणाऱ्याचा. α12 म्हणजे जाती १ वर जाती २ चा परिणाम. बर्डीवर झेरॉक्स मिळणाऱ्या काही नोट्समध्ये हे उलटं छापलेलं असतं, आणि जुन्या लेखनात α आणि β अशी वेगळी अक्षरं भेटतात. म्हणून निबंधात समीकरण लिहिलं की लगेच पुढच्या वाक्यात कोणाचा परिणाम कोणावर ते शब्दांत सांगा. आकडे उलटे झाले की पुढचा सगळा निष्कर्ष उलटतो, आणि तपासणाऱ्याला चूक गणितात झाली की समजुतीत, हे कळायला मार्ग उरत नाही.

प्रश्न: सहअस्तित्वाची अट पाठ आहे, पण ती येते कुठून?

आलेखावरच्या शून्य-वाढ रेषांवरून ती काढता येते आणि परीक्षेत ती आकृती हवीच. पण अटीचा अर्थ समजायला एक प्रश्न पुरेसा आहे: दुसरी जात पूर्ण भरात असताना पहिलीचे मोजके जीव तिथे शिरले, तर ते वाढतील का?

जाती २ आपल्या K2 वर स्थिर आहे आणि जाती १ जवळपास शून्य आहे असं धरा. पहिल्या समीकरणात N1 ला ० आणि N2 ला K2 ठेवलं की कंसात K1 - α12 K2 उरतं. ते धन असेल तर जाती १ वाढते. जाती २ साठीही हेच करा. अटी मिळतात त्या अशा:

```
α12 < K1/K2    (जाती १ शिरू शकते)
α21 < K2/K1    (जाती २ शिरू शकते)
```

दोन्ही खऱ्या असतील तर कोणतीही जात दुर्मीळ झाली की सावरते, म्हणून दोघी टिकतात. एकच खरी असेल तर ती जात उरते आणि दुसरी जाते. हे स्पर्धात्मक अपवर्जन. दोन्ही खोट्या असतील तर ज्या जातीने आधी बस्तान बसवलं ती दुसरीला शिरू देत नाही, आणि निकाल सुरुवातीच्या संख्येवर ठरतो. या शेवटच्या शक्यतेला मुलं 'अस्थिर सहअस्तित्व' म्हणतात. रेषा जिथे छेदतात तो समतोलबिंदू गणितात खरा आहे, पण निसर्गात तिथे कोणी थांबत नाही. 'आधी येईल तो टिकेल' हे वर्णन जास्त प्रामाणिक आहे.

अटींमध्ये r1, r2 कुठेच नाहीत याची नोंद घ्या. या प्रतिमानात झपाट्याने वाढणारी जात लवकर पुढे जाते, पण निकाल सुरुवातीच्या संख्येवर अवलंबून नसेल, तर शेवटी कोण टिकेल ते तिचा वेग ठरवत नाही.

प्रश्न: दोन्ही α एकापेक्षा कमी असले की सहअस्तित्व, बरोबर?

नाही. निबंधात सर्वांत जास्त दिसणारी गल्लत हीच. K1 आणि K2 सारखे असतील तरच हे वाक्य खरं.

उदाहरण करून पाहू. K1 = ५००, K2 = ४००, α12 = ०.९, α21 = ०.६. K1/K2 = १.२५, आणि ०.९ त्याहून कमी. K2/K1 = ०.८, आणि ०.६ त्याहून कमी. दोन्ही अटी पाळल्या जातात. समतोलातल्या संख्या:

```
N1* = (K1 - α12 K2) / (1 - α12 α21) = 140 / 0.46 ≈ 304
N2* = (K2 - α21 K1) / (1 - α12 α21) = 100 / 0.46 ≈ 217
```

दोघी आपापल्या K पेक्षा बऱ्याच खाली आहेत, पण बेरीज ५२१ च्या आसपास जाते, म्हणजे एकट्या कोणत्याही जातीपेक्षा जास्त. निबंधात हे जरूर सांगा. सहअस्तित्वात स्पर्धा चालूच असते, दोघींनाही तिची किंमत मोजावी लागते.

आता α तेच ठेवा आणि फक्त K2 ४०० वरून २९० वर आणा. जाती २ ला अनुकूल अधिवास थोडा आटला असं समजा. K2/K1 आता ०.५८ झालं आणि α21 अजून ०.६ आहे. जाती २ शिरू शकत नाही, ती नाहीशी होते. दोन्ही गुणांक एकापेक्षा कमीच होते आणि एकही बदलला नव्हता.

प्रश्न: α12 = २ आला तर? मग सहअस्तित्व अशक्यच ना?

तेही नाही. K1 = १०००, K2 = ४००, α12 = २, α21 = ०.३ घ्या. K1/K2 = २.५, म्हणून २ चालतो. K2/K1 = ०.४, म्हणून ०.३ चालतो. समतोलात जाती १ चे ५०० आणि जाती २ चे २५० जीव राहतात.

हा २ एवढा मोठा का वाटतो? बहुतेक वेळा एकक बदलल्यावर उलगडा होतो. जाती २ चा एक जीव जाती १ च्या जिवापेक्षा दुप्पट वजनाचा आहे असं धरा. आता संख्येऐवजी एकूण वजन मोजा, एकक म्हणून जाती १ चा एक जीव. K1 हजारच राहतो, K2 आठशे होतो. α12 २ वरून १ वर येतो आणि α21 ०.३ वरून ०.६ होतो. अटी: १ हा १.२५ पेक्षा कमी, ०.६ हा ०.८ पेक्षा कमी. निकाल तोच. मोठ्या देहाचा जीव जास्त खातो एवढंच त्या २ मध्ये दडलेलं होतं.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. सुटा α एककाबरोबर बदलतो, म्हणून 'α12 मोठा, म्हणजे जाती २ प्रबळ' हे वाक्य एकक सांगितल्याशिवाय पोकळ आहे. α12 आणि α21 यांचा गुणाकार मात्र बदलत नाही, इथे दोन्ही वेळा ०.६. हा गुणाकार १ पेक्षा जास्त असेल तर K काहीही असोत, स्थिर सहअस्तित्व होत नाही. कारण दोन्ही अटी एकमेकींना गुणल्या की उजवीकडे १ येतो.

रशियन जीवशास्त्रज्ञ गाउसेने पॅरामेसियम या एकपेशीय जिवांवरच्या प्रयोगांत याचसाठी संख्येबरोबर आकारमान विचारात घेतलं. पॅरामेसियम ऑरेलिया हा कॉडेटमपेक्षा बराच लहान, म्हणून त्याने कॉडेटमचा एक जीव १ धरला तर ऑरेलियाचा ०.३९ मानला.

प्रश्न: खऱ्या प्रयोगातले आकडे वापरून दाखवता येईल का?

गाउसेचे यीस्टवरचे आकडे यासाठी उत्तम आहेत, आणि निबंधात ते फारसे कोणी नीट सोडवत नाही. त्याने सॅकरोमायसिस आणि शिझोसॅकरोमायसिस ही यीस्ट आधी वेगवेगळी आणि मग एकत्र वाढवली, आणि आकारमानात मोजली. सॅकरोमायसिस जाती १ माना, शिझोसॅकरोमायसिस जाती २. त्याचे आकडे असे: K1 = १३.०, K2 = ५.८, α12 = ३.१५, α21 = ०.४३९.

K1/K2 = २.२४ येतो. ३.१५ त्याहून मोठा, म्हणजे शिझोसॅकरोमायसिस भरात असताना सॅकरोमायसिस शिरू शकत नाही. दुसरी बाजू: K2/K1 = ०.४४६ आणि α21 = ०.४३९. जेमतेम कमी. म्हणजे प्रतिमानाप्रमाणे शिझोसॅकरोमायसिस जिंकते, जिचा K निम्म्याहून कमी आहे आणि जी एकटी असताना कितीतरी सावकाश वाढते. 'ज्याचा K मोठा तो जिंकतो' असं लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण हाताशी ठेवावं.

पण इथेच थांबून 'म्हणून जाती २ जिंकते' असं ठामपणे लिहू नका. जाती २ दुर्मीळ असताना तिच्या वाढीचा वेग किती ते काढा. १ मधून (०.४३९ × १३.० / ५.८) वजा केलं की ०.०१६ राहतात. म्हणजे तिच्या कमाल वेगाच्या दीड टक्क्याच्या आसपास. α21 ०.४३९ ऐवजी ०.४५ असता तर ही किंमत ऋण झाली असती, दोन्ही अटी मोडल्या असत्या आणि निकाल 'आधी येईल तो टिकेल' असा झाला असता. मोजमापातली एवढीशी चूक कोणत्याही प्रयोगात सहज होते. या आकड्यांवरून दोन गोष्टी खात्रीने म्हणता येतात. गुणाकार १.३८ आहे, म्हणजे सहअस्तित्व नाही. आणि सॅकरोमायसिसला शिरकाव नाही. जाती २ कोणत्याही सुरुवातीपासून जिंकेलच, हे म्हणण्याएवढा आधार नाही.

आणखी एक मर्यादा आहे. यीस्टची वाढ त्या बंद संवर्धनात मुख्यतः साचलेल्या अल्कोहोलमुळे थांबत होती. शिझोसॅकरोमायसिस आपल्या आकारमानाच्या मानाने सुमारे दुप्पट अल्कोहोल बनवते, म्हणून तिचा α12 मोठा येणं समजण्यासारखं आहे. पण अल्कोहोल साचलं की दोघींची वाढ थांबते. तिथे जन्म-मृत्यूचा अखंड तोल नसतो, म्हणून कोण कोणाला हटवतं ते त्या भांड्यात दिसत नाही. समीकरण दूरचं भविष्य सांगतं, प्रयोग त्याआधीच संपतो. अपवर्जन प्रत्यक्ष दिसलं ते गाउसेच्या ऑरेलिया-कॉडेटम प्रयोगात, कारण तिथे अन्न आणि माध्यम नियमित बदललं जात होतं.

प्रश्न: निश-विभागणी या गणितात नेमकी कुठे बसते?

थेट α मध्ये. दोन जातींनी अन्न, जागा किंवा वेळ वाटून घेतली की परक्याचा त्रास आपल्या जातभाईंच्या त्रासापेक्षा कमी होतो, आणि α12 व α21 दोन्ही खाली येतात. गाउसेच्याच तिसऱ्या जातीत हे स्पष्ट दिसतं. पॅरामेसियम बर्सारिया आणि कॉडेटम एकाच नळीत टिकले. कॉडेटम वरच्या द्रवात तरंगणारे जीवाणू खात होता. बर्सारिया तळाशी बसलेलं यीस्ट खात होता, आणि तळाशी ऑक्सिजन कमी असला तरी त्याच्या पेशीतली हिरवी शैवालं त्याला तो पुरवत होती. नळी एकच होती, पण प्रत्येकाची दाटी आपल्याच जातीला जास्त जाचत होती.

मात्र विभागणी झाली म्हणजे सहअस्तित्व झालंच, असं नाही. पीटर चेसनने २००० मध्ये हा विचार दोन वेगळ्या राशींत मांडला. आपल्या समीकरणांच्या भाषेत त्या अशा येतात:

```
ρ = √(α12 α21)                    निश-आच्छादन
f = (K1/K2) √(α21/α12)            स्पर्धाक्षमतेचं गुणोत्तर
सहअस्तित्व:  ρ < f < 1/ρ
```

वरच्या पहिल्या उदाहरणात ρ = ०.७३, f = १.०२, आणि १/ρ = १.३६. f हा ρ आणि १/ρ यांच्या दरम्यान बसतो. K2 २९० केला तेव्हा ρ तोच राहिला, म्हणजे निश जेवढ्या वेगळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, पण f १.४१ वर गेला आणि पट्ट्याबाहेर पडला. निबंधात एवढं एक वाक्य आलं तरी पुरे: निश-विभागणी सहअस्तित्वाचा पट्टा रुंद करते, आणि दोन जातींच्या स्पर्धाक्षमतेतली तफावत त्या पट्ट्यात बसते की नाही यावर निकाल ठरतो.

प्रश्न: पेंच-ताडोबातल्या वाघ, बिबट्या आणि रानकुत्र्यांचं उदाहरण देऊ का?

द्या, नागपूरच्या विद्यार्थ्याने ते दिलं तर शोभतंच. फक्त त्यातून काय सिद्ध होतं ते मोजून लिहा. तिन्ही मांसभक्षक एकाच जंगलात राहतात आणि चितळ-सांबरावर तिघांचीही नजर असते. कारंथ आणि सनक्विस्ट यांनी १९९५ मध्ये नागरहोळेतल्या याच तीन प्राण्यांच्या भक्ष्यनिवडीवर लिहिलं. वाघ गव्यासारखं मोठं भक्ष्यही घेतो, बिबट्या आणि रानकुत्रे मध्यम आकाराच्या भक्ष्याकडे जास्त वळतात.

पण विष्ठेच्या नमुन्यांतून काढलेलं आहाराचं आच्छादन म्हणजे α नव्हे. चितळ मुबलक असतील तर दोघांनी तेच खाऊनही एकमेकांच्या वाढीला धक्का लागणार नाही. उलट, आहार वेगळा दिसला तरी वाघाच्या दहशतीने बिबट्या जंगलाच्या काठाला सरकत असेल तर परिणाम खरा आहे, आणि तो विष्ठेत दिसत नाही. α म्हणजे वाढीच्या वेगावरचा परिणाम. तो मोजायला एकाची दाटी बदलली की दुसऱ्याचं काय होतं, हे पाहावं लागतं.

त्यासाठी कॉनेलचं १९६१ चं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं काम शेजारी ठेवा. थॅमॅलस बार्नकल खडकाच्या वरच्या पट्ट्यात, बॅलॅनस खालच्या पट्ट्यात. कॉनेलने काही ठिकाणचे बॅलॅनस काढून टाकले, तेव्हा थॅमॅलस खालीही तगला. वाघ काढून बिबट्याचं काय होतं ते कोणी करून पाहणार नाही, पण नुसतं निरीक्षण आणि प्रत्यक्ष बदल करून पाहणं ही दोन प्रकारची साक्ष वेगळी आहे, हे निबंधात दिसलं पाहिजे. मॅकआर्थरचे १९५८ चे वॉर्बलर पक्षी पहिल्या प्रकारात मोडतात. स्प्रूसच्या झाडावर कोण कुठे चरतं ते त्यात सुरेख नोंदलं आहे, पण ती वाटणी आजच्या स्पर्धेमुळे आहे असं त्यावरून ठरत नाही.

प्रश्न: दोन जातींचा α एकदा मोजला की तो कायमचा धरायचा का?

मुळीच नाही. थॉमस पार्कने पिठातल्या भुंगेऱ्यांच्या दोन जाती, ट्रायबोलियम कास्टेनियम आणि कन्फ्यूझम, एकाच पिठात ठेवल्या. यातला तांबडा कास्टेनियम आपल्याकडे घरच्या पिठाच्या डब्यातही सापडतो. १९५४ च्या निष्कर्षांत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला दर वेळी कास्टेनियम उरला, २४ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेला दर वेळी कन्फ्यूझम. मधल्या हवामानांत कधी हा, कधी तो.

त्याआधी १९४८ मध्ये त्याने दाखवलं होतं की अ‍ॅडेलिना हा परजीवी पिठात असेल तर बहुतेक वेळा कन्फ्यूझम टिकतो, आणि तो नसेल तर बहुतेक वेळा कास्टेनियम. शिवाय हे भुंगेरे एकमेकांची अंडी खातात. म्हणजे जो आकडा आपण 'अन्नासाठीची स्पर्धा' म्हणून वाचतो, त्यात भक्षण आणि रोग मिसळलेले असू शकतात. α परिणाम मोजतो, कारण सांगत नाही. गुणांक लिहिताना तापमान, आर्द्रता, माध्यम हे शेजारी लिहा.

प्रश्न: 'एकाच निशमध्ये दोन जाती राहू शकत नाहीत' हा नियम म्हणून लिहू का?

अटींसकट लिहा: स्थिर परिसर, मर्यादित संसाधन, समतोल गाठण्याएवढा वेळ. हचिन्सनने १९६१ मध्ये विचारलं की तलावाच्या वरच्या पाण्यात मोजकीच पोषकद्रव्यं असताना प्लवकांच्या इतक्या जाती एकत्र कशा. त्याच्या उत्तराचा एक भाग असा होता की पाण्यातली परिस्थिती समतोल येण्याआधीच बदलते. दोन जाती एकत्र दिसल्या की 'त्यांच्या निश वेगळ्या असणारच' असं म्हणणं टाळा. मग नियम कशानेच खोटा ठरू शकत नाही आणि त्यातून काही कळतही नाही.

प्रश्न: निष्कर्षाचं वाक्य कसं असावं?

'α12 < १ आणि α21 < १ असल्याने दोन्ही जाती सहअस्तित्वात राहतील' याऐवजी असं लिहा: 'जीवसंख्येत मोजलेला α12 (०.९) हा K1/K2 (१.२५) पेक्षा आणि α21 (०.६) हा K2/K1 (०.८) पेक्षा कमी आहे. म्हणून दिलेल्या परिस्थितीत दोन्ही जाती दुर्मीळ झाल्यास पुन्हा वाढू शकतात. मात्र K2 ३०० च्या खाली गेल्यास जाती २ टिकणार नाही.' शेवटच्या वाक्यातला ३०० हा α21 × K1 मधून येतो. तो काढायला अर्धा मिनिट लागतो.